वॉर्फरिन कक्ष बंद करणाऱ्या व्यवस्थापन मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

वॉर्फरिन हे रक्त गोठणं मंदावणारं औषध घेणाऱ्या रुग्णांवर देखरेख ठेवणारा रुग्णालयातला वॉर्फरिन कक्ष आपल्या परिपत्रकाने बंद झाला. यापुढे आयएनआर या रक्त गोठण्याच्या तपासणीचा अहवाल रुग्णाच्या मोबाइलवर संदेशाने जाईल, मात्रेत बदल करायचा की नाही ते संबंधित डॉक्टर पुढच्या भेटीत ठरवतील, आणि फार्मासिस्टनी ‘औषध वितरणाच्या मूळ कामावर लक्ष केंद्रित करावे’ असं त्यात लिहिलं आहे. या निर्णयावर मी दोनदा लेखी म्हणणं मांडलं. पोच मिळाली, उत्तर नाही. ज्यांच्या रक्ताशी या निर्णयाचा संबंध आहे त्यांनीही तो समजून घ्यावा, म्हणून आता हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

माझ्यापुरतं बोलायचं तर माझं काही बिघडलेलं नाही. पगार तोच आहे, आणि वितरण खिडकीवरच्या कामाच्या वेळा उलट सोयीच्या आहेत. पण कक्षातल्या रुग्णांचे फोन अजून मलाच येतात. ‘ताई, आयएनआर चार पॉइंट एक आलाय, आजची गोळी घेऊ का?’ असं कुणी विचारलं, तर परिपत्रकाप्रमाणे ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच सांगायची मला मुभा आहे. उत्तर ठाऊक असून ते द्यायचं नाही, हे मला जमत नाही.

आपल्यापैकी बरेच जण वैद्यकीय क्षेत्रातले नाहीत, म्हणून आधी कक्षात नेमकं काय चालायचं ते सांगते. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे एक टेबल, एक संगणक आणि रुग्णाशी गप्पा मारणारी बाई दिसायची. त्या गप्पा हेच काम होतं.

वॉर्फरिन रक्त गोठण्याची क्रिया मंदावतं. ती किती मंदावली ते आयएनआर या आकड्यावरून कळतं. हे औषध न घेणाऱ्याचा आयएनआर साधारण १ असतो. बहुतेक रुग्णांमध्ये तो २ ते ३ ठेवायचा असतो, आणि हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांमध्ये २.५ ते ३.५. त्याखाली गेला तर झडपेवर गुठळी धरून ती मेंदूकडे जाण्याची भीती, आणि साडेचार-पाचच्या वर गेला तर रक्तस्रावाचा धोका भराभर वाढतो. उपयोगाची मात्रा आणि अपायाची मात्रा यांत इतकं कमी अंतर असलेल्या औषधांना अरुंद उपचार-मर्यादेची औषधं म्हणतात. डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटोइन, टॅक्रोलिमस ही त्याच गटातली.

आता माझा पहिला आक्षेप. आपण असं धरून चाललात की आकडा रुग्णापर्यंत पोहोचला की देखरेख झाली. वॉर्फरिनच्या बाबतीत आजचा आकडा आजच्या गोळीचा नसतो. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं आणि वॉर्फरिन ती निर्मिती रोखतं. पण आधीच रक्तात असलेल्या घटकांना ते हात लावत नाही. ते आपापल्या वेगाने संपतात. सातवा घटक काही तासांत ओसरतो, तर दुसरा, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, निम्म्यावर यायलाच अडीच-तीन दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलली की आयएनआरमध्ये ते दोन-तीन दिवसांनी दिसू लागतं आणि पूर्ण परिणाम कळायला आठवडा जातो. म्हणजे अहवाल हातात येतो तेव्हा तो मागच्या काही दिवसांची हकिगत सांगत असतो, आणि त्या दिवसांत काय घडलं हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

म्हणून आम्ही विचारायचो. गोळी चुकली का? चुकली असेल तर कोणत्या दिवशी? दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या का? ताप, जुलाब, भूक मंदावणं असं काही? नवीन औषध, साधी अंगदुखीची गोळी, वनौषधी? हिरव्या पालेभाज्या एकाएकी वाढल्या किंवा बंद झाल्या का? हिरड्यातून रक्त, काळी शी, अंगावर काळेनिळे डाग? दात काढायचा आहे, शस्त्रक्रिया ठरली आहे? आणि मग शेवटी, गोळ्यांचं पाकीट दाखवा. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. रुग्ण मात्रा मिलिग्रॅममध्ये नाही, रंगात लक्षात ठेवतात, आणि रंग सगळीकडे एकच नसतात. ब्रिटनमध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी गुलाबी असते, तर अमेरिकेत १ मिलिग्रॅमची. परदेशातून मुलाकडून आणलेली ‘तीच गुलाबी गोळी’ पाचपट किंवा पाचव्या हिश्शाची असू शकते, आणि हे मोबाइलवरच्या कोणत्याही संदेशात दिसत नाही.

कक्षाचं एक मोठं काम बाहेरून काहीच न करण्यासारखं दिसायचं. मायट्रल झडपेचा रुग्ण आहे, रोज ५ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला ३५ मिलिग्रॅम घेतो, कित्येक महिने आयएनआर २.८ ते ३.३ मध्ये आहे आणि आज अचानक ३.९ आला. विचारपूस केली, कारण सापडलं नाही, रक्तस्राव नाही. अशा वेळी मात्रा तीच ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. एरवी स्थिर असलेल्या रुग्णाचा आकडा एकदाच मर्यादेबाहेर अर्ध्या अंकापर्यंत गेला तर मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. पण गर्दीच्या ओपीडीत लाल अक्षरातला ३.९ पाहून ‘४ मिलिग्रॅम करा’ असं पटकन लिहिलं जातं. ही तब्बल २० टक्क्यांची कपात. दोन आठवड्यांनी आयएनआर २.१ येतो, मग कुणीतरी ६ करतं, आणि रुग्णाचा झोपाळा सुरू होतो. खरंच कपात करायची असेल तेव्हाही ती आठवड्याच्या बेरजेवर करायची असते. दोन दिवस अर्धी गोळी आणि पाच दिवस पूर्ण म्हणजे ३० मिलिग्रॅम, सुमारे १४ टक्के कमी. कोणते दोन दिवस ते रुग्णाच्या वहीत लिहून द्यायचं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं. हा हिशेब फार अवघड नाही. पण तो दर वेळी, दर रुग्णामागे करायला कुणीतरी बसलेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्यासाठी एक प्रकरण सविस्तर सांगते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. परिपत्रक लागू झाल्यानंतरची ही गोष्ट.

साठीच्या आतल्या एक बाई. धातूची मायट्रल झडप, वॉर्फरिन रोज संध्याकाळी ५ मिलिग्रॅम, आयएनआर बराच काळ ३ च्या आसपास. मूत्रमार्गात संसर्ग झाला म्हणून त्या आपल्याच रुग्णालयाच्या दुसऱ्या विभागात गेल्या. तिथे त्यांना को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक सात दिवसांसाठी मिळालं. त्या संसर्गावर हे चांगलं औषध आहे, लिहिणाऱ्यांची निवड एरवी योग्यच म्हणावी लागेल. पण त्यातला सल्फामेथॉक्साझोल हा घटक यकृतातलं सीवायपी २सी९ नावाचं एन्झाइम अडवतो. वॉर्फरिनचा जो भाग जास्त जोरकस आहे, त्याचा निचरा हेच एन्झाइम करतं. निचरा अडला की रोजची तीच गोळी शरीरात साठत जाते. रुग्णाने मात्रा वाढवलेली नसते, तरी परिणाम वाढवल्यासारखाच होतो.

सोमवारी औषध सुरू झालं. वितरण खिडकीवरच्या सहकाऱ्याने ते दिलं. बाई वॉर्फरिनवर आहेत हे त्याला दिसलंच नाही, कारण कक्ष बंद करताना कक्षाच्या नोंदी पाहण्याची खिडकीवरची सोयही काढून घेतली गेली. पुढची आयएनआर तपासणी महिन्याभरानंतर ठरलेली होती. शुक्रवारी दात घासताना हिरडीतून रक्त आलं. शनिवारी दंडावर मोठा काळानिळा डाग दिसला म्हणून मुलाने त्यांना आपणहून प्रयोगशाळेत नेलं. आयएनआर ७.२. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: ‘आयएनआर ७.२ (उच्च). पुढील भेटीत डॉक्टरांना दाखवा.’ पुढची भेट चार आठवड्यांनी होती.

तो संदेश आला तेव्हा संध्याकाळची गोळी घ्यायला अजून वेळ होता. वॉर्फरिन संध्याकाळी घ्यायला सांगण्यामागचं एक कारण हेच असतं, की दिवसा तपासणी झाली तर त्याच संध्याकाळची मात्रा थांबवता यावी. पण थांबवा असं सांगणारं कुणी नव्हतं, आणि ‘झडप आहे, एकही गोळी चुकवायची नाही’ हे वर्षानुवर्षं मनावर बिंबलेलं. त्यांनी शनिवारी गोळी घेतली, रविवारी घेतली, सोमवारीही घेतली. मंगळवारी पहाटे नाकातून रक्त थांबेना म्हणून तातडीच्या विभागात आणलं तेव्हा आयएनआर ८.९ होता.

तिथे गडबडीत ‘के’ जीवनसत्त्वाचं १० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं गेलं. जिवावर बेतणाऱ्या रक्तस्रावात ही मात्रा योग्य असते. इथे नाकात बोळा घालून रक्त थांबलेलं होतं. धातूची झडप असलेल्या अशा रुग्णाला मोठी मात्रा दिली की आयएनआर पार खाली येतो आणि पुढचे कित्येक दिवस वॉर्फरिन लागू पडत नाही. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी आयएनआर १.३. आता धोका उलट्या बाजूचा, झडपेवर गुठळी होण्याचा. मग गुठळी रोखणारं हेपरिन, रुग्णालयात मुक्काम, आणि वॉर्फरिन पुन्हा मर्यादेत येईपर्यंत रोज सुई. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या, हे सुदैव.

यात कुणा एका माणसाला दोष द्यायचा माझा हेतू नाही. प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून दिसलं ते केलं. सगळ्या खिडक्यांतून एकाच वेळी पाहणारी जागा तेवढी आपण बंद केलीत.

कक्ष असता तर काय झालं असतं? सोमवारी प्रतिजैविकाची चिठ्ठी खिडकीवर येताच पडद्यावर वॉर्फरिनची नोंद दिसली असती. मी डॉक्टरांना फोन केला असता: मूत्रपिंडाचं काम चांगलं आहे, संसर्ग मूत्राशयापुरता आहे, तर नायट्रोफ्युरँटॉइन हे दुसरं प्रतिजैविक चालेल का? त्याची वॉर्फरिनशी फारशी आडकाठी येत नाही. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं आणि विषय दोन मिनिटांत संपतो. मूत्र-कल्चर पाहून को-ट्रायमॉक्साझोलच हवं असं डॉक्टर म्हणाले असते, तर त्यांच्या संमतीने वॉर्फरिनची आठवड्याची मात्रा १० ते २० टक्क्यांनी आधीच उतरवली असती आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आयएनआर केला असता, महिन्याने नव्हे. झडपेच्या रुग्णात आंधळेपणाने जास्त कपात करणंही धोक्याचं, म्हणून कपात थोडी आणि तपासणी लवकर. प्रतिजैविक संपल्यावर एन्झाइम काही दिवसांत पूर्ववत होतं. तेव्हा मात्रा पुन्हा मूळ जागी न्यायची आणि आठवड्याने परत तपासायचं. हा उत्तरार्ध सगळ्यांत जास्त विसरला जातो. संसर्ग बरा होतो, रुग्ण खूश असतो, आणि उतरवलेली मात्रा तशीच राहून आयएनआर गुपचूप दोनच्या खाली येतो.

आणि समजा हे सगळं हुकलं असतं आणि शनिवारी ७.२ आला असता, तरी फोन त्याच संध्याकाळी गेला असता. आजची आणि उद्याची गोळी घेऊ नका. डोकं दुखतंय का, पडलात का, शी काळी झाली का? यातलं एकही उत्तर ‘हो’ आलं तर घरी थांबू नका, लगेच तातडीच्या विभागात या. हिरडीतून थोडंसंच रक्त असेल तर डॉक्टरांशी बोलून तोंडावाटे ‘के’ जीवनसत्त्वाची १ ते २.५ मिलिग्रॅमची छोटी मात्रा द्यायची की नुसतं थांबून पाहायचं हे ठरलं असतं, आणि रविवारी पुन्हा आयएनआर झाला असता. यात नवीन यंत्र लागत नाही, महागडं औषध लागत नाही.

याच्या उलट दिशेने जाणारी औषधंही आहेत. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन वॉर्फरिनचा निचरा करणारी एन्झाइम वाढवतं. हा बदल हळूहळू होतो, त्यामुळे वॉर्फरिनची मात्रा आठवड्यागणिक वाढवत कधी कधी दुप्पट किंवा त्याहूनही वर न्यावी लागते. खरी कसोटी रिफॅम्पिसिन थांबतं तेव्हा लागते, कारण वाढलेली मात्रा वेळेत उतरवली नाही तर काही आठवड्यांत आयएनआर उसळी घेतो. क्षयरोगाचे उपचार एका विभागात, झडपेचे दुसऱ्यात. औषध थांबल्याची बातमी या विभागातून त्या विभागात कुणी पोहोचवायची? आजवर ती कक्षाच्या वहीत असायची.

काही धोके तर आयएनआरमध्ये दिसतच नाहीत. गुडघेदुखीसाठी कुणी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर आयएनआर अगदी २.९ येऊ शकतो. पण ही औषधं जठराच्या अस्तराला इजा करतात आणि रक्तबिंबिकांचं काम बिघडवतात, त्यामुळे पोटातून रक्तस्रावाची शक्यता वाढते. संदेशावर ‘सामान्य’ असं लिहून येईल आणि रुग्ण निर्धास्त होईल. पाकीट दाखवा म्हणणारा माणसासमोर बसलेला माणूसच हे पकडू शकतो. या एका बाबतीत मला अजिबात तडजोड मान्य नाही.

परिपत्रकात निर्णयामागची कारणं दिली आहेत, त्यांतल्या दोन गोष्टींवर बोलते. पहिलं कारण असं की रक्त पातळ करणारी नवी औषधं आल्याने वॉर्फरिनचे रुग्ण घटत आहेत. अंशतः खरं आहे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या अनेकांना आता आयएनआरची गरज नसलेली औषधं देता येतात, आणि द्यावीत. पण धातूच्या झडपांमध्ये यांतलंच डाबिगाट्रान वापरून पाहिलेली चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अपिक्साबानची धातूच्या झडपांमधली चाचणीही मध्येच थांबवली गेली. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या रुग्णांमध्ये २०२२ साली रिव्हारोक्साबानची तुलना वॉर्फरिनच्या गटातल्या औषधांशी झाली, त्यातही जुनी औषधंच सरस ठरली. म्हणजे सोपे रुग्ण नव्या औषधांकडे गेले आणि वॉर्फरिनवर उरले ते ज्यांना पर्याय नाही ते. रुग्णसंख्या घटली, पण प्रत्येकामागचं काम वाढलं.

दुसरं कारण असं की ‘तपासण्या वेळेवर होत आहेत’ म्हणजे देखरेख समाधानकारक आहे. तपासणी वेळेवर होणं आणि रुग्ण मर्यादेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजायचं असतं ते रुग्णाचे किती दिवस मर्यादेत गेले, हे. त्यासाठी १९९३ पासून रोझेंडाल यांची पद्धत वापरली जाते. दोन तपासण्यांमध्ये आयएनआर सरळ रेषेत बदलला असं मानायचं आणि मर्यादेतले दिवस मोजायचे. समजा मर्यादा २.५ ते ३.५ आहे. आज आयएनआर २ आला आणि २८ दिवसांनी ४. एकूण चढ २ अंकांचा, त्यातला १ अंक मर्यादेतला. म्हणजे २८ पैकी १४ दिवस ठीक, सात दिवस गुठळीचा धोका, सात दिवस रक्तस्रावाचा. आपल्या तक्त्यात हा रुग्ण ‘दोन्ही तपासण्या वेळेवर’ म्हणून हिरव्या रकान्यात आहे. साधारणपणे ६५ ते ७० टक्के दिवस मर्यादेत असावेत अशी अपेक्षा असते. आपण हा आकडा कक्ष बंद करण्याआधी काढला होता का? काढला असल्यास जाहीर करावा.

अमेरिकेतल्या ज्येष्ठ नागरिकांबद्दल २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधांच्या दुष्परिणामांमुळे तातडीने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत सुमारे एक तृतीयांश प्रकरणांमागे एकटं वॉर्फरिन होतं. खर्च वाचवण्याचा मुद्दा मांडताना मंडळाने हेही लक्षात घ्यावं. वर सांगितलेल्या बाईंच्या हेपरिनचं आणि खाटेचं बिल कोणत्या रकान्यात धरलं गेलं, हे मला माहीत नाही.

वॉर्फरिनच्या जोडीने आपण आम्हाला इतर औषधांच्या रक्तपातळीवर सल्ला देण्याचंही काम सोडायला लावलंत, त्याबद्दल थोडक्यात. लिथियमचा नमुना शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी घ्यायचा असतो, डिगॉक्सिनचा निदान सहा तासांनी, टॅक्रोलिमसचा पुढची मात्रा घेण्याच्या अगदी आधी. सकाळची गोळी घेऊन आलेल्या रुग्णाचं रक्त दोन तासांत काढलं तर पातळी फुगलेली दिसते, आणि चांगली चाललेली मात्रा विनाकारण उतरवली जाते. प्रयोगशाळेचा आकडा अचूकच असतो, चुकीची असते ती वेळ. ती विचारण्याचं काम आम्ही करत होतो. आता मागणीपत्रावर ‘शेवटची मात्रा केव्हा’ हा रकाना आहे, पण तो रिकामाच येतो.

फार्मासिस्टच्या मर्यादा मी नाकारत नाही. निदान आम्ही करत नाही. रक्तस्राव, डोक्याला मार, नवा अशक्तपणा किंवा बोलताना जीभ अडखळणं, गर्भारपण, शस्त्रक्रियेआधी औषध थांबवण्याचा निर्णय, हे सगळं डॉक्टरांचंच. बोटाच्या थेंबावर चालणाऱ्या यंत्रावर आयएनआर खूप वर दिसला तर शिरेतल्या रक्तावर तो पडताळल्याशिवाय आम्हीही पुढे जात नव्हतो. कक्ष चालायचा तो डॉक्टरांनी सही केलेल्या लेखी नियमावलीवर: इतक्या आयएनआरपर्यंत आम्ही मात्रा बदलू, त्यापुढे फोन, आणि अमुक लक्षणं असतील तर थेट रुग्ण पाठवणार. ती नियमावली आजही कपाटात आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

वॉर्फरिन कक्ष त्याच नियमावलीसह पुन्हा सुरू करावा. जागा, पूर्वीचं टेबल किंवा माझीच नेमणूक याबद्दल आग्रह नाही. प्रशिक्षित फार्मासिस्ट, ठरलेली वेळ आणि मात्रा बदलण्याचा लेखी अधिकार या तीन गोष्टींबद्दल आहे.

तो सुरू होईपर्यंत वितरण खिडकीवर प्रत्येक वॉर्फरिन रुग्णाची मात्रा, लक्ष्य-मर्यादा आणि शेवटचा आयएनआर दिसण्याची सोय परत द्यावी. तिथून को-ट्रायमॉक्साझोल, मेट्रोनिडाझोल, फ्लुकोनाझोल, अमिओडारोन, रिफॅम्पिसिन यांसारखं औषध सुरू किंवा बंद होत असेल तर औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन करण्याची आणि आयएनआरची लवकरची तारीख लिहून देण्याची फार्मासिस्टला परवानगी असावी. संगणकाने दर चिठ्ठीला दहा इशारे दाखवले की सगळेच दुर्लक्षिले जातात, म्हणून ही यादी छोटी आणि औषधतज्ज्ञांनी ठरवलेली असावी.

आयएनआर ५ च्या वर गेला तर संदेशावर न थांबता त्याच दिवशी माणसाने फोन करावा. रुग्णाने किंवा घरच्यांनी फोन उचलून ‘आजची गोळी घेणार नाही’ हे परत म्हणून दाखवेपर्यंत ती नोंद पूर्ण झाली असं धरू नये. १.५ च्या खाली गेलेल्या झडपेच्या रुग्णालाही हाच नियम लागू करावा, कारण खालच्या आकड्याला हिरडीतून रक्त येत नाही, तो काहीच सांगत नाही.

रुग्णांचे किती टक्के दिवस मर्यादेत गेले हे दर तीन महिन्यांनी जाहीर करावं, कक्ष असतानाचं आणि नसतानाचं शेजारी शेजारी. कक्षाशिवायही आकडा तितकाच चांगला निघाला तर ही मागणी मी स्वतः मागे घेईन.

आणि एक काम तर आजच होऊ शकतं. आयएनआरच्या प्रत्येक अहवालावर सध्या ‘पुढील भेटीत डॉक्टरांना दाखवा’ असं छापलं जातं. त्या जागी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी उचलेल असा एक दूरध्वनी क्रमांक छापावा. तो कुणाचा असावा हे मंडळाने ठरवावं. सध्या तो माझा खासगी क्रमांक आहे, आणि त्यावर उत्तर द्यायला आपण मला मनाई केली आहे.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि निर्णय, जो काही असेल तो, लेखी कळवावा.

आपली,
वॉर्फरिन कक्षात काम केलेली एक फार्मासिस्ट